८०० आणि ५२५: पडद्यावरच्या चित्रामागची मोजणी

जुन्या मॉनिटरच्या मागे एक निळा कनेक्टर असतो. त्यात तीन ओळींत पंधरा पिना. आयबीएमने १९८७ साली आपल्या पीएस/२ संगणकांबरोबर व्हीजीए आणलं, तेव्हापासून तो घरोघरी आहे. या कनेक्टरमधून चित्र जातं असं आपण म्हणतो, पण खरं पाहिलं तर चित्रासाठी तिथे फक्त तीन तारा आहेत: लाल, हिरवी आणि निळी. आत्ता कोणता रंग किती तेजस्वी, एवढंच त्या सांगतात. हा रंग पडद्यावर नेमका कुठे ठेवायचा हे त्यांतली एकही तार सांगत नाही. ते काम तेरा आणि चौदा क्रमांकाच्या पिनांवरचे दोन संकेत करतात. तेरावर आडवा सिंक, म्हणजे एचसिंक. चौदावर उभा सिंक, म्हणजे व्हीसिंक. पहिला म्हणतो, ओळ संपली, पुढची सुरू कर. दुसरा म्हणतो, पान संपलं, परत वरून सुरू कर.

हे दोन संकेत एफपीजीएमध्ये स्वतः तयार करणं हा इलेक्ट्रॉनिक्स शिकणाऱ्यांचा आवडता प्रयोग आहे, आणि तो आवडता असणं योग्यच आहे. एफपीजीए म्हणजे अशी चिप, जिच्यातले हजारो छोटे तर्कघटक एकमेकांना कसे जोडायचे हे आपण ठरवतो. तिच्यात प्रोसेसर असलाच पाहिजे असं नाही, ऑपरेटिंग सिस्टीम किंवा ग्राफिक्स कार्डही लागत नाही. दोन काउंटर आणि काही तुलना, एवढ्यावर समोरचा मॉनिटर जागा होतो.

मोजायचं काय, हे समजायला जुन्या काचेच्या नळीच्या पडद्याकडे जावं लागतं. त्यात इलेक्ट्रॉनचा एकच झोत डावीकडून उजवीकडे सरकत ओळ रंगवायचा आणि मग पुढच्या ओळीसाठी पुन्हा डावीकडे यायचा. टाइपरायटरवर ओळ संपली की कॅरेज मागे ढकलावं लागे आणि तेवढा वेळ कागदावर अक्षर उमटत नसे, तसंच हे. झोत परतत असताना रंग चालू राहिला, तर चित्रावर तिरक्या रेघा ओढल्या जातील. म्हणून प्रत्येक ओळीच्या शेवटी काही काळ अंधार ठेवायचा, आणि सगळ्या ओळी झाल्यावर झोत तळापासून वर जाईपर्यंतही अंधार ठेवायचा.

६४० बाय ४८० या जुन्या आणि सोप्या मापात हा हिशेब असा आहे. ओळीत ६४० ठिपके दिसतात. त्यानंतर १६ ठिपक्यांएवढा वेळ नुसता अंधार. त्याला फ्रंट पोर्च म्हणतात. मग ९६ ठिपक्यांएवढा वेळ एचसिंकची तार खाली ओढून धरायची. मग ४८ ठिपक्यांएवढा पुन्हा अंधार, तो बॅक पोर्च. एकूण ८००. उभ्या दिशेलाही तेच: ४८० ओळी दिसणाऱ्या, १० ओळी अंधार, २ ओळी व्हीसिंक, ३३ ओळी अंधार, एकूण ५२५. गुणाकार केला तर एका चित्रासाठी ४ लाख २० हजार ठोके लागतात आणि त्यांतले ३ लाख ७ हजार २०० च रंगाचे असतात. चौथ्या हिश्शाहून अधिक वेळ तारेवर काहीच दाखवलं जात नाही.

मानकाप्रमाणे हे ठोके सेकंदाला २ कोटी ५१ लाख ७५ हजार, म्हणजे २५.१७५ मेगाहर्ट्झ. आकडा विचित्र वाटतो, पण त्याचं मूळ अमेरिकेतल्या रंगीत टीव्हीत आहे. तिथल्या टीव्हीत सेकंदाला सुमारे १५,७३४ ओळी रंगवल्या जात. व्हीजीएची ओळींची गती बरोबर त्याच्या दुप्पट. त्यामुळे मॉनिटर सेकंदाला नेमकं ६० वेळा नाही, तर ५९.९४ वेळा चित्र रंगवतो. आपल्याकडच्या दूरदर्शनची पद्धत वेगळी, ६२५ ओळींची आणि ५० च्या गतीची होती. संगणकाच्या पडद्यावर मात्र आपणही अमेरिकी गतीच वापरत आलो.

एफपीजीएच्या शिकाऊ बोर्डांवर बहुधा ५० किंवा १०० मेगाहर्ट्झचं घड्याळ असतं. त्याला दोनाने किंवा चाराने भागलं की २५ मेगाहर्ट्झ मिळतात. मानकापेक्षा हे जेमतेम पाऊण टक्का कमी आहे आणि मॉनिटर ते सहज चालवून घेतात. शिवाय गणित सोपं होतं: एक ठिपका ४० नॅनोसेकंदांचा, एक ओळ बरोबर ३२ मायक्रोसेकंदांची.

आता काउंटर. पहिला, `h`, प्रत्येक ठोक्याला एकाने वाढतो आणि ७९९ नंतर शून्यावर येतो. दुसरा, `v`, दर ठोक्याला वाढत नाही. `h` शून्यावर परतताना, त्या एकाच ठोक्याला, तो एक पाऊल पुढे जातो आणि ५२४ नंतर शून्य होतो. व्हेरिलॉग भाषेत सगळा ऐवज एवढाच:

```
reg [9:0] h = 0, v = 0;

always @(posedge clk25) begin
  if (h == 799) begin
    h <= 0;
    v <= (v == 524) ? 0 : v + 1;
  end else
    h <= h + 1;

  hsync <= ~(h >= 656 && h < 752);
  vsync <= ~(v >= 490 && v < 492);
end
```

६५६ म्हणजे ६४० अधिक १६, आणि ७५२ म्हणजे त्यात आणखी ९६. उभ्या दिशेचे ४९० आणि ४९२ तसेच निघतात. तुलनेपुढचं `~` हे चिन्ह उलटापालट करतं, कारण या मापात दोन्ही सिंक एरवी वर असतात आणि इशाऱ्याच्या वेळी खाली येतात. ही दिशा मनाला येईल तशी ठरवलेली नाही. व्हीजीएच्या ७२० बाय ४०० या मजकुराच्या मापात एचसिंक असाच खाली येतो, पण व्हीसिंक उलट वर जातो. आपल्यासमोर कोणतं माप आलंय हे मॉनिटर यावरूनही ओळखतो.

सिंकची तुलना घड्याळाच्या ठोक्यातच, फ्लिपफ्लॉपमध्ये साठवून बाहेर काढली आहे, त्यालाही कारण आहे. `h` ५११ वरून ५१२ वर जाताना त्याचे दहाच्या दहा बिट एकाच वेळी बदलतात, पण अगदी एकाच क्षणी बदलत नाहीत. मधल्या काही नॅनोसेकंदांत तिथे ७०३ सारखा भलताच आकडा दिसू शकतो आणि एचसिंकवर ओळीच्या मध्यावर बारीक टोचा उमटू शकतो. फ्लिपफ्लॉप पुढच्या ठोक्यापर्यंत थांबून स्थिरावलेलं उत्तरच बाहेर सोडतो. मात्र मग रंगांच्या ताराही तशाच एका ठोक्याने उशिरा सोडाव्या लागतात, नाहीतर चित्र एका ठिपक्याने सरकतं.

कोडमधला `[9:0]` म्हणजे दहा बिट. नऊ बिटांत ५११ पर्यंतच मोजता येतं. `h` चुकून नऊ बिटांचा झाला, तर तो ५११ नंतर आपोआप शून्यावर येतो, ६५६ कधी येतच नाही, ७९९ ही येत नाही, त्यामुळे `v` जागचा हलत नाही. दोन्ही सिंक कायम वरच राहतात आणि मॉनिटर सिग्नल नाही म्हणून झोपी जातो. ही चूक निदान लगेच कळते. फक्त `v` नऊ बिटांचा झाला तर प्रकरण अवघड होतं. ४९० आणि ४९१ या ओळी येतात, म्हणजे व्हीसिंक निघतो. पण ५११ नंतर शून्य आल्याने चित्र ५२५ ऐवजी ५१२ ओळींचं होतं. सिंकनंतरचा अंधार ३३ ओळींऐवजी २० ओळींचाच उरतो. गती ५९.५ वरून ६१ हर्ट्झ होते, बरेच मॉनिटर तीही मान्य करतात, आणि पडद्यावर चित्र दिसतं, फक्त वरच्या तेरा ओळी कापल्यासारख्या गायब. अशा वेळी माणूस चित्र काढणाऱ्या भागात चूक शोधत बसतो, आणि ती असते एका बिटाची.

आजचे पडदे सपाट आहेत, त्यांत झोत नाही, तरी हा सगळा हिशेब त्यांनाही हवा असतो. व्हीजीएच्या केबलमधून ठिपक्यांचं घड्याळ येतच नाही, हे त्यामागचं कारण. मॉनिटर एचसिंकची गती मोजतो, दोन व्हीसिंकांमध्ये किती ओळी आल्या ते मोजतो, आपल्या तक्त्यात ते माप शोधतो, आणि ओळीचे ८०० समान भाग करून स्वतःचं घड्याळ बनवतो. समजा कोडमध्ये ७९९ च्या जागी ८०० लिहिलं गेलं. मग आपली ओळ ८०१ ठोक्यांची होते, पण मॉनिटर तिचे ८०० च भाग करतो. ओळ पुढे सरकेल तशी दोन्ही घड्याळं हळूहळू एकमेकांपासून सुटतात, आणि कुठेतरी मॉनिटर दोन ठिपक्यांच्या बरोबर सीमेवर रंग वाचू लागतो. तिथे पडद्यावर उभा धूसर पट्टा दिसतो. एकाआड एक काळ्या-पांढऱ्या उभ्या रेघा काढल्या तर तो चटकन नजरेत भरतो. मॉनिटरवरचं ऑटो बटण हेच घड्याळ जुळवायचा प्रयत्न करत असतं.

सगळ्यात जास्त फसवणारी चूक मात्र सिंकमध्ये नसते. पहिल्याच दिवशी वाटतं, संपूर्ण पडदा लाल करून बघू. म्हणून लाल रंगाची तार कायमची चालू ठेवली जाते. पडदा काळा राहतो किंवा जेमतेम मिणमिणतो. मॉनिटर बॅक पोर्चच्या काळात रंगाच्या तारेवर जो दाब असेल तो काळा म्हणून धरतो आणि बाकी सगळं त्याच्याशी तोलतो. तिथेही लाल चालू असेल, तर मॉनिटरच्या लेखी लाल म्हणजेच काळा. म्हणून `h` ६४० पेक्षा कमी आणि `v` ४८० पेक्षा कमी असतानाच रंग सोडायचा, एरवी तिन्ही तारा शून्यावर ठेवायच्या.

एचडीएमआय आलं म्हणून ही मोजणी इतिहासजमा झालेली नाही. त्यातही दोन्ही सिंक आहेत, ते अंधाराच्या काळात निळ्या रंगाच्या वाहिनीवरून सांकेतिक रूपात जातात, आणि टीव्हीचा आवाजही त्याच रिकाम्या वेळात पाठवला जातो. ६४० बाय ४८० चे हेच ८०० आणि ५२५ तिथेही जसेच्या तसे चालतात.

तुमच्याकडे बोर्ड असेल आणि मॉनिटर गप्प असेल, तर ऑसिलोस्कोप नाही म्हणून अडून राहू नका. केबल काढा आणि साधा मल्टिमीटर डीसी व्होल्टवर ठेवून एचसिंकच्या पिनेवर लावा. बोर्डाचं आउटपुट ३.३ व्होल्टचं असेल तर ८०० पैकी ७०४ ठोके तार वर असते, म्हणून सरासरी २.९ व्होल्टच्या आसपास दिसली पाहिजे. पूर्ण ३.३ दिसले तर सिंक निघतच नाही, `h` किती बिटांचा आहे ते आधी तपासा. ०.४ दिसले तर मोजणी बरोबर आहे, फक्त सिंकची दिशा उलटी झाली आहे.