खुर्च्या चाळीस, पण कोणत्या?

वाचनालय, शाळा, धर्मादाय दवाखाना अशा संस्थांच्या कपाटात एक जाडजूड ‘डेडस्टॉक रजिस्टर’ असते. सरकारी मराठीत त्याला जडसंग्रह नोंदवही म्हणतात. टेबले, कपाटे, पंखे, संगणक अशा वर्षानुवर्षे टिकणाऱ्या वस्तू तिच्यात लिहितात. कागद, खडू, झाडू अशा वापरून संपणाऱ्या मालाची वही वेगळी असते. वाचनालयात पुस्तकांची दाखल नोंदवहीही वेगळी ठेवतात.

महाराष्ट्रातल्या सार्वजनिक न्यासांना ही वही कायद्यानेही टाळता येत नाही. सार्वजनिक विश्वस्त व्यवस्थेच्या १९५१च्या नियमांतील १९व्या नियमानुसार लेखापरीक्षकाला आपल्या अहवालात या बाबीवर उत्तर द्यावे लागते. जंगम आणि स्थावर मालमत्तेची नोंदवही नीट ठेवली आहे का, आणि तिच्यातले बदल धर्मादाय कार्यालयाला वेळोवेळी कळवले आहेत का, असे ते प्रश्न आहेत. उत्तर बहुधा ‘होय’ असते. ते कितपत खरे, हे मात्र वही कशी लिहिली आहे त्यावर ठरते.

तालुक्याच्या गावातल्या एका वाचनालयाचे उदाहरण कल्पून पाहू. वहीत एकच ओळ आहे : ‘लोखंडी खुर्च्या, नग ४०, किंमत ५२,००० रुपये.’ दरवर्षी मार्चअखेर शिपाई वाचन कक्षातल्या खुर्च्या मोजतो, चाळीस भरतात आणि ओळीसमोर बरोबरची खूण होते. प्रत्यक्षात दोन खुर्च्या मोडून केव्हाच भंगारात गेलेल्या असतात आणि व्याख्यानमालेनंतर मांडववाल्याच्या दोन खुर्च्या मागे राहिलेल्या असतात. मोजणी चुकलेली नाही, तरी पडताळणी फसलेली आहे. नगांची संख्या जुळली म्हणजे वस्तू त्याच आहेत असे होत नाही. ही खूणगाठ पटवण्यासाठी प्रत्येक वस्तूला स्वतःचा क्रमांक द्यावा लागतो.

क्रमांक देताना पहिला मोह होतो तो त्यात खोलीचे नाव गुंफण्याचा. ‘वाचन कक्ष/खुर्ची/७’ हे दिसायला सोयीचे, पण ती खुर्ची बालविभागात नेली की क्रमांकच खोटा ठरतो. मग कोणीतरी नवा क्रमांक चिकटवतो आणि एका खुर्चीच्या दोन खुर्च्या होतात. म्हणून क्रमांक वस्तूचा असावा, जागेचा नसावा. साधा चढता क्रम पुरतो : ०००१, ०००२ आणि पुढे. वस्तू कुठे आहे, हे वेगळ्या रकान्यात लिहावे आणि हलवली की तारखेसह नवी जागा नोंदवावी. वस्तू मोडीत निघाली तरी तिचा क्रमांक दुसरीला देऊ नये.

क्रमांक लिहायचा कुठे, हा प्रश्न किरकोळ वाटतो. पडताळणी अडते ती मात्र इथेच. कागदी चिठ्ठी दोन पावसाळ्यांत आणि ओल्या फडक्याने पुसली जाते. लाकडी बाकांवर आणि लोखंडी खुर्च्यांवर ऑइलपेंटचे आकडे टिकतात, कपाटाला रिव्हेटने ठोकलेली पत्र्याची पट्टी त्याहून बरी. पंख्याचा आकडा शिडीविना खालून वाचता यावा, इतका मोठा आणि मोटारीच्या खालच्या बाजूस हवा. सुटणाऱ्या झाकणावर कधीच नको, कारण दुरुस्तीत झाकणे बदलतात आणि झाकणाबरोबर ओळखही बदलते.

आता वरच्या वाचनालयाने सगळ्या वस्तूंना क्रमांक दिले असे धरू. त्याच वेळी मांडववाल्याच्या खुर्च्या उघड झाल्या, परत गेल्या, आणि मूळ किमतीतले दोन खुर्च्यांचे २,६०० रुपये ठराव करून कमी झाले. वहीत १८६ क्रमांक आले.

पुढच्या मार्चमध्ये पडताळणीला दोघे निघतात. एक वस्तू सांभाळणारा कर्मचारी आणि दुसरा, जो त्या सांभाळत नाही असा, बहुधा कार्यकारी मंडळाचा सदस्य. केंद्र सरकारच्या २०१७च्या सामान्य वित्तीय नियमांतही वर्षातून एकदा तरी पडताळणी आणि ती ताबेदाराच्या उपस्थितीत, अशीच अपेक्षा आहे. पहिली फेरी वहीकडून वस्तूकडे : खोलीवार यादी हातात, एकेक क्रमांक शोधायचा. दुसरी फेरी उलटी : यादी मिटून दारापासून भिंतीकडेने चालायचे, दिसेल त्या वस्तूचा आकडा वाचायचा आणि तो वहीत आहे का ते पाहायचे. बहुतेक संस्था ही दुसरी फेरी गाळतात. पण वहीत नसलेली वस्तू पहिल्या फेरीत दिसणारच कशी?

निकालाच्या रकान्यात तीनच शेरे पुरतात : जागेवर सापडली, अन्यत्र सापडली, सापडली नाही. चालू आहे की बिघडलेली, हे वेगळे लिहावे; ‘नादुरुस्त’ हा शेरा ‘सापडली’च्या जागी आला की वस्तू खरोखर पाहिली का, हे कळेनासे होते. दरवर्षी नवा रकाना असावा आणि जुना शेरा खोडू नये.

या वाचनालयात १८१ वस्तू जागेवर सापडल्या, तीन अन्यत्र सापडल्या आणि दोन सापडल्या नाहीत. उलट्या फेरीत क्रमांक नसलेले एक कपाटही आढळले. तिघींच्या जागा दुरुस्त झाल्या. कपाट एका सभासदाने वडिलांच्या स्मरणार्थ दिलेले होते. बिल नसल्याने ते वहीपर्यंत पोचलेच नव्हते. देणगीपत्र शोधून, अंदाजित किंमत ठरवून त्याला क्रमांक मिळाला. न सापडलेल्यांपैकी पंखा दुरुस्तीला गेला होता आणि दुकानदाराची पावती फाइलमध्ये निघाली.

उरला यूपीएस. त्याचा माग नव्या यूपीएसच्या बिलात लागला : किंमत ४,५००, जुना परत दिल्याबद्दल वजा ५००, दिले ४,००० रुपये. लेखनिकाने दिलेले पैसे पाहून नवा यूपीएस ४,०००चा म्हणून चढवला आणि जुना तसाच वहीत राहिला. अशा एका ओळीच्या मागे दोन चुका असतात. जुना २०२१च्या जूनमध्ये ४,००० रुपयांना घेतला होता. संस्था संगणकांप्रमाणे त्यावर उरलेल्या किमतीच्या ४० टक्के घसारा दरवर्षी धरते, म्हणून ती किंमत पहिल्या वर्षाअखेर २,४००, दुसऱ्या अखेर १,४४०, तिसऱ्या अखेर ८६४ रुपये झाली. चौथ्या वर्षाच्या सुरुवातीलाच तो ५०० रुपयांत गेला, तेव्हा ३६४ रुपये तोटा दाखवायचा आणि नवा ४,५००लाच चढवायचा. रक्कम लहान आहे, पण ताळेबंदात नसलेली वस्तू वर्षानुवर्षे ‘मालमत्ता’ म्हणून राहते ती अशीच.

सापडली नाही म्हणून ओळ तिथल्या तिथे खोडायची नसते. कारण शोधून टिपण मंडळापुढे जाते, ठरावाने निर्लेखन होते आणि ठरावाचा क्रमांक व तारीख त्या ओळीसमोर येते. त्या यूपीएसची ओळ ‘बदलीत दिला’ या शेऱ्यासह बंद झाली.

पुस्तकांना हीच फुटपट्टी लावता येत नाही, कारण ती रोज बाहेर जातात. वर सांगितलेल्या केंद्रीय नियमांत वीस हजारांपर्यंत ग्रंथ असतील तर दरवर्षी संपूर्ण पडताळणी, वीस ते पन्नास हजारांना निदान तीन वर्षांतून एकदा, अशी पायरी आहे. वर्षभरात दिलेल्या किंवा चाळलेल्या हजार ग्रंथांमागे पाच गहाळ होणे तिथे वाजवी मानले आहे. मात्र हजार रुपयांहून महाग किंवा दुर्मीळ ग्रंथ हरवला, तर चौकशी करावीच लागते. खुर्च्यांना मात्र अशी सूट नाही.