जेलवर एक पट्टी दिसली म्हणजे प्लाझ्मिड दोन्हीकडून कापला गेला?

जनुक क्लोन करण्याच्या कामात सर्वांत जास्त फसवतो तो जेलचा फोटो. ईजीएफपी हे हिरवं चमकणारं प्रथिन बनवणारं जनुक घेऊ. लांबी ७२० बेस जोड्या. ते पीयूसी१९ या २,६८६ जोड्यांच्या प्लाझ्मिडमध्ये इकोआर-वन आणि हिंड-थ्री हे दोन एन्झाइम वापरून बसवायचं आहे.

डायजेशननंतर जेलवर २.७ हजारांपाशी एकच स्वच्छ पट्टी दिसली की दोन्ही एन्झाइमनी काम केलं, असं बरेच विद्यार्थी समजतात. वस्तुस्थिती अशी, की पीयूसी१९ मध्ये या दोन जागांमधलं अंतर जेमतेम पन्नासेक जोड्यांचं आहे. एवढा तुकडा निघाला काय किंवा राहिला काय, नेहमीच्या जेलवर फरक कळतच नाही. एकाच एन्झाइमने कापलेला प्लाझ्मिडही तिथेच दिसतो, आणि लायगेज त्याची टोकं पुन्हा आपापसात जोडून टाकतं. म्हणून प्रत्येक एन्झाइमने वेगळं डायजेशन करून शेजारी लावावं. त्यातून निदान दोन्ही एन्झाइम चालू आहेत एवढं तरी कळतं.

इन्सर्टचंही तसंच. पीसीआर प्रायमरच्या अगदी टोकाला GAATTC ठेवलं, तर इकोआर-वनला धरायला पुरेसा डीएनए मिळत नाही आणि कापणी नीट होत नाही. जागेच्या बाहेर सहा जास्तीचे बेस ठेवणं सुरक्षित.

दुसरा गैरसमज मापाचा. व्हेक्टर आणि इन्सर्ट सारख्या वजनाने घ्यायचे नसतात. मोजायची ती रेणूंची संख्या. एका व्हेक्टरमागे तीन इन्सर्ट हे प्रमाण सहसा चालतं. ५० नॅनोग्रॅम व्हेक्टर घेतला, तर ५० ला ७२० ने गुणून २,६८६ ने भागायचं आणि तिप्पट करायची. उत्तर येतं सुमारे ४० नॅनोग्रॅम. लायगेशन फसलं की इन्सर्ट वाढवत नेण्याआधी बफरकडे बघा. त्यातला एटीपी वारंवार गोठवण्या-वितळवण्याने खराब होतो, म्हणून बफर छोट्या भागांत साठवावा.

प्लेट कॉलन्यांनी भरली म्हणजे क्लोन मिळाला, हा तिसरा आणि सर्वांत महागात पडणारा समज. सोबत इन्सर्टशिवायच्या लायगेशनची प्लेट हवीच. इन्सर्टच्या प्लेटवर १०० आणि या कंट्रोलवर ५ कॉलन्या असतील, तर पुढे जा. कंट्रोलवरही ९० असतील, तर बहुतेक कॉलन्या नुसत्या मिटलेल्या प्लाझ्मिडच्या आहेत. निळ्या-पांढऱ्या चाचणीत असा प्लाझ्मिड निळी कॉलनी देतो. पण पांढरी म्हणजे हमखास जनुक, असंही नाही. टोकांचे बेस कुरतडले जाऊन मिटलेला प्लाझ्मिडही पांढरी देऊ शकतो.

पांढऱ्या कॉलनीतून प्लाझ्मिड काढून पुन्हा त्याच दोन एन्झाइमनी कापा. २.६ हजार आणि ७२० पाशी दोन पट्ट्या आल्या, तर जनुक आत आहे. पीसीआरमध्ये एखादा बेस बदलला का, हे मात्र फक्त सिक्वेन्सिंग सांगतं.