निरोपाचा ग्रंथ कसा निवडावा

जिल्हा परिषदेच्या प्राथमिक शिक्षकास वयाच्या ५८ व्या वर्षी सेवानिवृत्ती मिळते. पुष्कळ शिक्षकांच्या सेवापुस्तकात जन्मतारीख १ जून अशी नोंदलेली आढळते. अशांची सेवा ३१ मे रोजी संपते. त्या वेळी शाळा उन्हाळी सुटीसाठी बंद असल्यामुळे निरोपसमारंभ सुटीपूर्वीच उरकावा लागतो आणि भेटवस्तूची खरेदी परीक्षा व निकालपत्रके यांच्या गर्दीत होते. शाल व श्रीफळ यांची निवड करावी लागत नाही. ग्रंथाची मात्र करावी लागते, आणि ती बहुधा आदल्या दिवशी, तालुक्याच्या गावी दुसऱ्या कामास गेलेल्या एखाद्या शिक्षकावर सोपविली जाते. मग दुकानात दर्शनी भागी जे जाडजूड पुस्तक असेल ते येते.

निवृत्त होणाऱ्या सहकाऱ्याची आवड ठाऊक नसणे यात नवल नाही. बदलीमुळे शेवटची एक-दोन वर्षे एखाद्या शाळेत आलेला शिक्षक तेथील मंडळींना पुरता परिचित होतच नाही. अशा वेळी त्याच्या वयावरून तर्क केला जातो. निवृत्ती म्हणजे वार्धक्य व वार्धक्य म्हणजे अध्यात्म, असे धरून सार्थ ज्ञानेश्वरी दिली जाते. ग्रंथाच्या थोरवीविषयी प्रश्नच नाही. परंतु ज्याला तिची ओढ आहे त्याच्या घरी ती बहुधा असतेच, आणि ज्याला नाही त्याच्याकडे ती कोऱ्या वेष्टनासह कपाटात राहते. निवृत्तीनंतरचा काळ कसा घालवावा हे सांगणारी पुस्तके तर देऊच नयेत. चौतीस-पस्तीस वर्षे दुसऱ्यांना शिकविलेल्या माणसाला जाता जाता उपदेश केल्यासारखे ते होते.

वयापेक्षा खात्रीचा पुरावा शाळेतच असतो. एका सात शिक्षकी शाळेतील उदाहरण घेऊ. तेथील निवृत्त होणारे गुरुजी अवघ्या १४ महिन्यांपूर्वी बदलून आलेले, मितभाषी, तिसरीचा वर्ग सांभाळणारे. प्रत्येकी १०० रुपये याप्रमाणे सहा जणांचे ६०० रुपये जमले. त्यांना काय आवडते हे कोणासही सांगता येईना. तेव्हा एका शिक्षिकेने ग्रंथालयाची देवघेव नोंदवही काढली. गुरुजींच्या नावावर नऊ नोंदी होत्या. त्यांतील सात बालपुस्तकांच्या होत्या व त्या त्या दिवशीच किंवा दुसऱ्या दिवशी परत आलेल्या होत्या. म्हणजे ती पुस्तके वर्गासाठी नेली होती. उरलेल्या दोन नोंदी निराळ्या होत्या. लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’ दिवाळीच्या सुटीच्या आदल्या दिवशी नेलेली होती आणि सुटी संपल्यावर परत केलेली होती. पक्ष्यांवरील एक पुस्तक दोन महिने त्यांच्याकडेच होते. नोंदवही वाचताना पुस्तकाच्या नावाइतकेच तारखांकडे लक्ष द्यावे. सुटीत नेलेले पुस्तक मनुष्य स्वतःसाठी नेतो.

दुसरा पुरावा मुलांनी दिला. तिसरीच्या मुलांना सहज विचारता ती म्हणाली, शनिवारी सकाळची शाळा सुटली की गुरुजी ओढ्यापर्यंत नेतात आणि झाडांची नावे विचारतात. स्वतःला एखादे नाव आले नाही तर गुराख्याला विचारून वहीत लिहून घेतात. हे सहकाऱ्यांपैकी कोणासही ठाऊक नव्हते!

यानंतर दोन पुस्तके समोर आली. पहिले व्यंकटेश माडगूळकरांचे ‘बनगरवाडी’ (१९५५). धनगरांच्या वाडीत शाळा चालविण्यास गेलेल्या तरुण मास्तराची ही कथा. तो वस्तीत हळूहळू रुजतो, लोकांच्या हातून तालीम बांधून घेतो, आणि शेवटी दुष्काळाने ती वाडीच ओस पडते. ज्याची आवड मुळीच कळली नाही अशा शिक्षकासाठी हे पुस्तक चांगले, कारण निदान व्यवसायाचे नाते तरी त्यात निश्चित असते. शिवाय ते आटोपशीर आहे. त्यात अडचण एवढीच की ते पुष्कळांनी वाचलेले असते. एका शिक्षकाने मधल्या सुटीत चहा घेताना त्या मास्तराचा विषय काढला. “पदविकेला असतानाच वाचलं. वर्गमित्रानं दिलेली प्रत अजून आहे घरी,” गुरुजी म्हणाले. अशी गोष्ट बोलण्याच्या ओघात विचारावी. यादी पुढे करून विचारली तर भेटीचे गुपित फुटते आणि संकोची मनुष्य “काहीही चालेल” एवढेच म्हणतो.

दुसरे पुस्तक दुर्गा भागवत यांचे ‘ऋतुचक्र’ (१९५६). चैत्रापासून फाल्गुनापर्यंतच्या बारा महिन्यांवर त्यात लेख आहेत. झाडे, फुले, पाखरे, आकाश यांचे त्या त्या मासातील रूप त्यांत आहे. त्याची भाषा मात्र सावकाश वाचावी लागते, आणि केवळ कथानकाची गोडी असलेला वाचक दुसऱ्या महिन्यातच थांबेल. म्हणून ते कोणालाही द्यावे असे पुस्तक नव्हे. परंतु ‘स्मृतिचित्रे’सारखा ग्रंथ सुटीत आवडीने नेणारा आणि गुराख्याकडून झाडाचे नाव टिपून घेणारा मनुष्य भाषेपाशी अडणार नाही, असा कयास शिक्षकांनी बांधला. हे पुस्तक प्रारंभापासूनच वाचले पाहिजे असेही नाही. निवृत्तीच्या वेळी जो महिना चालू असेल तेथून आरंभ करून वर्षभर महिन्याला एक लेख वाचता येतो.

निवड झाली तरी प्रत पारखावी लागते. अठ्ठावन्नाव्या वर्षी बहुतेकांना वाचण्यास चष्मा लागतो. म्हणून बारीक टाइपाची, दाट ओळींची स्वस्त आवृत्ती टाळावी. मागील पानाची अक्षरे पुढे उमटत असतील तर तो कागद डोळ्यांस त्रास देतो. पुस्तक एका हातात धरून पाहावे. मनगट अवघडत असेल तर आरामखुर्चीत ते वाचले जाणार नाही. मध्यभागी उघडून बांधणी तपासावी. शिवलेल्या पुस्तकात फर्म्याच्या मध्यावर दोरा दिसतो व पान उघडे राहते. केवळ डिंकाने चिकटविलेले पुस्तक मिटू पाहते. जोराने उघडल्यास त्याची पाने सुटतात.

सर्वांत शेवटी पृष्ठांक क्रमाने पाहावेत. बांधणीत कधी एक फर्मा दोनदा लागतो व दुसरा गळतो, आणि हा दोष वरून मुळीच कळत नाही. उपर्युक्त शाळेने आणलेल्या पहिल्या प्रतीत नेमके हेच झाले होते. सोळा पाने दोनदा होती आणि पुढची सोळा नव्हती. समारंभास आठ दिवस अवकाश होता, पावती जपून ठेवली होती आणि पुस्तकावर काही लिहिले नव्हते. त्यामुळे दुकानदाराने प्रत विनातक्रार बदलून दिली.

अर्पणलेखन त्यानंतरच करावे. नाव व आद्याक्षरे हजेरीपत्रकावरून पडताळून घ्यावीत; निरोपाच्या पुस्तकात नावच चुकलेले असले तर ते कायमचे राहते. पसरणारी शाई टाळून आरंभीच्या कोऱ्या पानावर लिहावे. “सप्रेम भेट” एवढेच शब्द कोणालाही चालतात, म्हणून त्या माणसाविषयीची एक खरी गोष्ट त्यांना जोडावी. त्या सहा जणांनी लिहिले, “तिसरीच्या वर्गाला ओढ्याकाठची झाडे दाखविलीत, त्याबद्दल.” खाली शाळेचे नाव, दिनांक व सहाही जणांच्या सह्या होत्या. मुलांना सही करावयास जागा उरली नव्हती, म्हणून त्यांनी ओढ्याकाठच्या झाडांची पाने वाळवून एका कागदावर चिकटविली, प्रत्येकाखाली नाव लिहिले आणि तो कागद घडी घालून पुस्तकात ठेवला. दोन नावे चुकली होती; ती तशीच राहू दिली.