ठिणगी ‘ठसठसली’ की ‘चमकली’?

दहावीच्या वर्गात ‘रसग्रहण’ या प्रश्नाची तयारी करून घेताना आशयसौंदर्य, काव्यसौंदर्य आणि भाषिक वैशिष्ट्ये असे तीन खण आखून दिले जातात. मुलं ते इमानदारीनं भरतात. पुढे बी.ए.ला आली तरी तेच खण असतात, फक्त वाक्यं लांब होतात. अशा उत्तरांचा गठ्ठा तपासायला बसलं की पहिल्या दहांतच लक्षात येतं, बहुतेकांनी कवितेचं गद्य करून ठेवलंय आणि शेवटी एका अलंकाराचं नाव चिकटवलंय.

हे दाखवायला मी वर्गात स्वतःच जुळवलेल्या दोन ओळी वापरतो. कविता म्हणून त्या थोर नाहीत, पण कामाच्या आहेत.

विझल्या चुलीत वारा शिरला,
राखेत एक ठिणगी ठसठसली.

नेहमीचं उत्तर साधारण असं येतं: ‘चूल विझलेली आहे. वारा आल्यामुळे राखेतली ठिणगी पुन्हा पेटली. त्याचप्रमाणे मनातले जुने दुःख जागे होते. येथे अनुप्रास अलंकार असल्याने ओळींना सौंदर्य प्राप्त झाले आहे.’ यात चूक काहीच नाही, अडचण तीच आहे. ‘ठसठसली’च्या जागी ‘चमकली’ घाला आणि उत्तर पुन्हा वाचा. शेवटचं वाक्य जरा लंगडतं, बाकी सगळं जसंच्या तसं खरं राहतं. म्हणजे विद्यार्थ्यानं ती ओळ अशी वाचलेलीच नाही.

तपासताना माझी कसोटी हीच. उत्तरातल्या प्रत्येक वाक्यापुढे समासात एक अक्षर टाकतो. कवितेतला शब्द बदलूनही वाक्य टिकत असेल तर ‘अ’, म्हणजे अर्थ. शब्द बदलताच वाक्य कोसळत असेल तर ‘श’, म्हणजे शब्द. वरच्या उत्तराला ओळीनं तीन ‘अ’ मिळाले. अनुप्रासाच्या वाक्यापुढे मी काहीच लिहिलं नाही, कारण ते वाक्य हजार कवितांना चालतं.

आता दुसरं उत्तर पाहा. ‘ठसठसणे हे जखमेचे क्रियापद आहे, ठिणगी सहसा चमकते. त्यामुळे राख खपलीसारखी दिसू लागते. वारा “आला” नाही, “शिरला” आहे. कोणीतरी न विचारता आत घुसावे तसा. पहिल्या ओळीत ट वर्गातले एकही अक्षर नाही. दुसऱ्या ओळीत ठ तीनदा येतो आणि “ठस-ठस” या दुहेरीत ठणका ऐकू येतो. ठ हा कठोर वर्ण असल्याने त्यातून दुःख व्यक्त होते.’ पहिल्या सहाही वाक्यांना ‘श’. चूल, राख, वारा ही चित्रं एका क्रियापदानं कशी बदलली ते इथे दाखवलं आहे, आणि तेही ओळीवर बोट ठेवून.

शेवटच्या वाक्यापुढे मात्र प्रश्नचिन्ह. ठ म्हणजे दुःख, तर मग लावणीच्या ठसक्याचं काय करायचं? आणि ठुमकण्याचं? मम्मटाच्या ‘काव्यप्रकाशा’त ट वर्ग ओज गुणाशी जोडलेला आहे, तो नियम पाठ केलेला मुलगा या विझल्या चुलीत वीररस शोधेल. नादाला स्वतःचा ठरलेला अर्थ नसतो. ओळीचा अर्थ त्याला कामाला लावतो. ‘ठसठसली’त आधी जखम आहे, म्हणून ठ ची पुनरावृत्ती ठणक्यासारखी ऐकू येते. नादाबद्दलच्या विधानात हा दुवा सापडला नाही की गुण कापतो. नादावर लिहिलेल्या उत्तरांत मला सर्वाधिक आढळणारी चूक हीच.

तरी ‘अ’ म्हणजे शून्य नव्हे. आय. ए. रिचर्ड्स यांनी केंब्रिजमध्ये विद्यार्थ्यांना कवींची नावं लपवून कविता वाचायला दिल्या आणि त्यांचे अभिप्राय १९२९ साली ‘प्रॅक्टिकल क्रिटिसिझम’मध्ये छापले. त्यातली पहिली अडचण होती कवितेचा साधा अर्थ लावण्याची! चांगल्या शिकल्यासवरल्या मुलांना तोच लागत नव्हता. म्हणून वीसपैकी पाच गुण मी सरळ अर्थाला ठेवतो. तो चुकला तर वरची प्रतिमा-नादाची इमारत कशावर उभी राहणार? पहिल्या उत्तराला सहा दिले, दुसऱ्याला पंधरा.

एका मुलीनं मात्र कोंडीत पकडलं. तिनं लिहिलं होतं, ‘ठिणगी ठसठसत नाही. इथे कवीचा शब्द चुकला आहे, “चमकली” हवे होते.’ पुढे चार ओळींत तिनं दोन्ही शब्द शेजारी ठेवून कान लावला होता आणि ‘चमकली’नं दुसरी ओळ पहिलीसारखीच गुळगुळीत होते, म्हणून ते बरं, असं ठरवलं होतं. निष्कर्ष माझ्या मते साफ चुकीचा. तिला बारा दिले.