तळपायावरचा डाग डॉक्टरांना दाखवायचा तर…

समजा, गावात राहणाऱ्या एका आजींच्या उजव्या टाचेजवळ काळा डाग आहे. तो दुखत नाही, खाजत नाही आणि त्यांना स्वतःला दिसतही नाही. पाय चेपताना तो सुनेच्या नजरेस पडतो. त्वचारोगतज्ज्ञ तालुक्याच्या गावी महिन्यातून एकदाच येतात, म्हणून सून फोनवर त्यांचा सल्ला मागते. डॉक्टर म्हणतात, ‘‘फोटो पाठवा.’’ सून पाठवते. त्यात टाच धूसर, डाग चकचकीत आणि मागे ट्यूबलाइटचा पिवळट-हिरवा रंग. डॉक्टरांना त्यावरून काहीच सांगता येत नाही.

तळव्यावरचा काळा डाग बहुतेक वेळा साधा असतो. कधी तो तीळ असतो, कधी मेंदीचा उरलेला रंग, तर कधी चेंगरल्यामुळे कातडीत साकळलेलं रक्त. मात्र मेलॅनोमा हा त्वचेचा कर्करोगही तिथे होऊ शकतो. भारतात तो दुर्मीळ आहे, पण झालाच तर तळपाय ही त्याची नेहमीची जागा. गायक बॉब मार्ले यांना 1977 मध्ये पायाच्या अंगठ्याच्या नखाखाली याच जातीचा कर्करोग आढळला आणि 1981 मध्ये, वयाच्या छत्तिसाव्या वर्षी, त्यांचं निधन झालं. म्हणून डागाच्या कडा, रंग आणि आकार फोटोत नीट दिसायला हवेत.

आजींचा फोटो पुन्हा काढायचा तर आधी पाय साबणाने धुऊन कोरडा करावा. भेगांमधली माती आणि पायाला लावलेलं तेल निघालं पाहिजे. मग आजींनी खिडकीजवळच्या खाटेवर पालथं झोपावं, पाऊल कडेबाहेर राहू द्यावं. उजेड दिवसाचा हवा, पण थेट ऊन नको. घरातले दिवे बंद ठेवावेत, कारण दोन प्रकारचे उजेड मिसळले की त्वचेचा रंग बदलतो. फ्लॅशही नको, त्याने डागाच्या मधोमध पांढरी चमक येते.

सुनेने फोन तळव्याच्या अगदी समोर धरावा, तिरका नाही. पहिला फोटो पूर्ण पावलाचा, म्हणजे डाग नेमका कुठे आहे ते कळेल. दुसरा टाचेचा. तिसरा फक्त डागाचा, शेजारी कंपासपेटीतली पट्टी ठेवून. रुपयाची नाणी वेगवेगळ्या मापांची असल्यामुळे पट्टीच बरी. इथेच बहुतेकांची गडबड होते: डाग मोठा दिसावा म्हणून फोन अगदी जवळ नेला जातो आणि कॅमेऱ्याला फोकसच सापडत नाही. एक वीतभर अंतर ठेवावं, स्क्रीनवर डागावर बोट टेकवावं आणि गरज पडली तर थोडा झूम करावा. फोटो मोठा करून पाहिल्यावर तळव्याच्या बारीक रेषा स्पष्ट दिसल्या, तर तो जमला असं समजावं. व्हॉट्सॲपवर साधा फोटो पाठवला की त्यातले बारकावे जातात. तोच डॉक्युमेंट म्हणून पाठवला तर राहतात.

मदतीला कोणी नसेल तेव्हा आरसा उपयोगी पडतो. तो जमिनीवर भिंतीला टेकवून त्यासमोर बसावं, तळवा आरशाकडे करावा आणि फोनच्या मागच्या कॅमेऱ्याने प्रतिबिंब टिपावं. पाठीसाठी मोठ्या आरशाकडे पाठ करून हातात छोटा आरसा धरला की डाग सापडतो, पण एका हातात आरसा आणि दुसऱ्यात फोन सांभाळताना फोटो हलतो. शिवाय आरशातल्या एकेरी प्रतिबिंबात डावं-उजवं उलटतं. म्हणून डागाशेजारी ‘उजवा’ असं लिहिलेला कागद ठेवावा. अक्षरं उलटी आली, तर फोटो आरशातला आहे हे डॉक्टरांच्या लगेच लक्षात येतं.

डोक्याच्या त्वचेसाठी मात्र मदतनीस हवाच. केस कोरडे आणि बिनतेलाचे असावेत. फणीच्या टोकाने भांग पाडून दोन्हीकडचे केस चिमट्यांनी मागे धरावेत. स्तनांखाली, जांघेत किंवा पायाच्या बोटांमध्ये त्वचा हळूच उघडावी. जोरात ताणली तर लाली फिकी पडते आणि पुरळ आहे त्यापेक्षा सौम्य वाटतं. पावडर किंवा मलम आधी पुसावं. जांघेसारख्या जागेचा फोटो रुग्णाच्याच फोनवर, त्याच्या संमतीने आणि चेहरा न येऊ देता काढावा.

इतकं करूनही फोटोची मर्यादा उरते. तळव्यावरचा काळा रंग त्वचेच्या रेषांच्या खाचांत आहे की उंचवट्यांवर, हे पाहण्यासाठी डॉक्टर डर्मोस्कोप हे भिंगासारखं उपकरण वापरतात आणि शंका आली तर तुकडा काढून तपासतात. म्हणून सुनेने फोटोंसोबत डाग कधी दिसला, वाढतोय का, रक्त येतं का, अलीकडे मेंदी लावली होती का, हेही लिहून पाठवावं. डाग वाढत असेल, त्यात अनेक रंग दिसत असतील, किंवा तो फुटून बरा होत नसेल, तर डॉक्टरांच्या पुढच्या फेरीची वाट न पाहता आजींना थेट मोठ्या रुग्णालयात न्यावं.