तासाचे किती पडले?

माझे वडील मनमाडच्या रेल्वे इंजिनिअरिंग वर्कशॉपमध्ये होते. पुलांचे गर्डर तिथे तयार होतात. घरी आले की ते सांगत, की कोणत्या कामाला किती माणसांचे किती तास गेले हे कार्डावर लिहिल्याशिवाय आमचा फोरमन काम संपले असे मानतच नाही. मी लोकांच्या दुकानांचे हिशेब लिहिण्याचे काम सुरू केले, जीएसटीची विवरणपत्रे भरू लागले, पण स्वतःच्या कामाचे कार्ड ठेवायला मला आठ वर्षे लागली. दुसऱ्यांच्या वह्या रोज उघडणारी बाई स्वतःची वही उघडत नव्हती.

माझ्याकडे चौदा गिऱ्हाइके होती. किराणा, औषधे, टँकरमालक, एक हॉटेल. दिवस पुरत नव्हता आणि हातात मात्र फारसे काही उरत नव्हते. तेव्हा एका फेब्रुवारीत वही घेतली आणि ठरवले, की वर्षभर दर पंधरा मिनिटांची नोंद करायची. वर्ष फेब्रुवारी ते जानेवारी धरले. त्याला कारण आहे. फी किंवा कामाच्या अटी बदलायच्या तर एक एप्रिलपासून बदलणे सोयीचे, आणि समोरच्याला निदान दीड महिना आधी सांगायला हवे. मार्च उजाडल्यावर आपण आढावा घेऊ म्हटले तर त्या महिन्यात श्वास घ्यायलाही फुरसत नसते.

नोंद करताना पहिली चूक सगळ्यांकडून होते तीच माझ्याकडून झाली. संगणकासमोर बसलेला वेळ तेवढा मी लिहीत होते. बिले आणायला बाजारपेठेत गेले, शेठ गिऱ्हाइकात गुंतलेत म्हणून अर्धा तास पाटावर बसले, संध्याकाळी फीसाठी तीन वेळा फोन केले, हे काही मला काम वाटतच नव्हते. दुसऱ्या महिन्यापासून तेही लिहू लागले. मागच्या महिन्याचे विसरलेले तास फोनमधल्या कॉलच्या यादीवरून आणि फायलींच्या तारखांवरून काढले. रकमेच्या बाजूला बिल किती केले ते न लिहिता हातात किती आले ते लिहिले, आणि त्या गिऱ्हाइकासाठी झालेला पेट्रोल-झेरॉक्सचा खर्च वजा केला.

वर्षाअखेर बेरीज झाली, चार लाख वीस हजार रुपये आणि एकवीसशे तास. म्हणजे तासाला दोनशे. जागेचे भाडे, इंटरनेट, सॉफ्टवेअर यांचे चौऱ्याऐंशी हजार, म्हणजे तासाला चाळीस, त्यातूनच जायचे.

आता एकेक गिऱ्हाईक. माझे सर्वांत मोठे गिऱ्हाईक होते एक घाऊक किराणा व्यापारी. महिन्याला पाच हजार देत, तेही बहुतेक वेळेवर. त्यांचे नाव मी कोणालाही अभिमानाने सांगत असे. त्यांचे वर्षाचे सत्तावन्न हजार पडले आणि तास पाचशे. तासाला एकशे चौदा! उलट पानेवाडीच्या तेल डेपोंवर टँकर चालवणारे एक गृहस्थ महिन्याला पंधराशेच देतात, पण त्यांची मोजकी बिले नीट छापून येतात. वर्षाचे अठरा हजार आणि तास चाळीस. तासाला साडेचारशे. ज्यांना मी किरकोळ समजत होते ते चौपट देत होते.

पण आकडा कमी दिसला म्हणून लगेच गिऱ्हाईक सोडायचे नसते. तो कमी का आहे, ते आधी शोधावे लागते. एका औषध दुकानाचे बारा हजार आणि तास शंभर, म्हणजे एकशे वीस. त्यातले साठ तास मात्र जुन्या शिलका जुळवण्यात गेले होते, कारण ते गिऱ्हाईक त्याच वर्षी आले होते. पुढच्या वर्षी तेच काम चाळीस तासांत झाले, तीनशेने. पहिल्या वर्षावरून निकाल दिला असता तर चांगले गिऱ्हाईक घालवले असते.

आत्येभावाच्या हॉटेलचे आणखी वेगळे. ठरलेल्या बारा हजारांपैकी सातच हजार आले. खर्च जाऊन अठ्ठ्याऐंशी तासांचे तासाला पंचाहत्तर. नात्यात तगादा कसा लावायचा? पण त्याचा व्यवसाय कंपोझिशन योजनेत बसत होता. त्या योजनेत कर तिमाहीने भरायचा असतो, आणि नव्या वर्षासाठी तसा पर्याय ३१ मार्चपूर्वी द्यावा लागतो. तो दिला. कामाचे तास तीसवर आले, आणि फी सहा हजार, पण एकरकमी आगाऊ, असे ठरले. तासाला दोनशे पडले आणि आत्याचे तोंडही वाकडे झाले नाही.

राहिले किराणा शेठ. त्यांच्या पाचशे तासांचे मी तुकडे केले. प्रत्यक्ष हिशेब लिहिण्याचे दोनशे दहा, दुकानात थांबण्याचे एकशे वीस, एकदा झालेले पुन्हा दुरुस्त करण्याचे एकशे दहा, फोनाफोनीचे साठ. म्हणजे काम वाईट नव्हतेच. नुसत्या लिहिण्याचे धरले तर तासाला दोनशे सत्तर पडत होते. काम खात होती ती प्लास्टिकच्या पिशवीतली बिले, आणि सतरा तारखेला आठवलेली बिले. शिवाय हे तास महिन्यातल्या नेमक्या वाईट दिवसांतले. विक्रीचे विवरणपत्र अकरा तारखेपर्यंत आणि कराचे वीसपर्यंत भरायचे, त्यामुळे दहा ते वीसमधला माझा एक तास पंचवीस तारखेच्या दोन तासांइतका मोलाचा. सरासरीत हे दिसत नाही, म्हणून वहीत तारखेचा रकाना हवा.

मी शेठकडे गेले आणि म्हटले, “पाच तारखेपर्यंत सगळी बिले तारखेवार लावून द्या, नंतर आलेली पुढच्या महिन्यात धरीन.” शेठ हसले. “ताई, पाच तारखेला आमचा धंदा थांबतो का? पाचशे रुपये वाढवून घ्या.” घरी येऊन हिशेब केला. वर्षाला सहा हजार वाढले तरी तासाला एकशे सव्वीस.

सोडण्याआधी आणखी एक गणित करायचे असते. गिऱ्हाईक गेले म्हणून जागेचे भाडे कमी होत नाही. सत्तावन्न हजार पूर्ण जातात, आणि मोकळे झालेले तास भरतीलच असे नाही. वर्षभर एवढी तूट सोसता येईल का, हे घरी बसून बोललो. मालकांचा पगार होता म्हणून सोसता येत होती. ज्याच्या घरात एवढीच कमाई आहे त्याने आधी दुसरे गिऱ्हाईक आणावे, मग हे सोडावे.

शेठना फेब्रुवारीतच लेखी कळवले. मार्च महिन्याची विवरणपत्रे एप्रिलमध्ये भरावी लागतात, ती भरूनच काम थांबवले. वह्या, संगणकावरच्या फायली, पासवर्ड दिले. पोर्टलवर माझा मोबाइल क्रमांक नोंदवलेला होता, तो बदलून त्यांचा घातला. हे राहिले की ओटीपीसाठी फोन येत राहतात आणि फुकटचे तास पुन्हा सुरू होतात.

पुढच्या वर्षी त्या पाचशेपैकी एकशे साठच तास भरले, दोन टँकरमालक आणि एक हार्डवेअरवाले मिळून, तासाला तीनशेने. अठ्ठेचाळीस हजार. म्हणजे नऊ हजार कमीच आले, आणि तीनशे चाळीस तास मोकळे. शेठ अजून बाजारात भेटतात, “ताई, परत येता का?” म्हणून विचारतात. मी विचारते, “बिले पाच तारखेला मिळतील का?”