दुसरा शनिवार, संध्याकाळी साडेपाच

‘शनिवारी सगळे खेळायला या’ एवढाच निरोप सोसायटीच्या ग्रुपवर टाकला तर अंगठे भरपूर येतात, माणसे मात्र येत नाहीत. काय खेळायचे, किती वेळ बसायचे, आपल्याला येईल का, हे शेजाऱ्याला कळलेलेच नसते. म्हणून निमंत्रणात या प्रश्नांची उत्तरे असावीत. सेक्रेटरींची परवानगी घेऊन सूचनाफलकावर लावता येईल असा हा मजकूर पाहा:

‘सप्रेम नमस्कार. दर महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी संध्याकाळी साडेपाच ते साडेसात आपल्या हॉलमध्ये कोडी आणि बैठे खेळ. या वेळी नवकंकरी आणि पाचशे तुकड्यांचे चित्रकोडे. खेळ येत नसला तरी या, तिथे शिकवू. वर्गणी नाही. पैसे लावून खेळायचे नाही. आजीआजोबांसाठी खुर्च्या-टेबले आहेत. येणार असाल तर शुक्रवारपर्यंत कळवा.’

संपण्याची वेळ मला सुरू होण्याच्या वेळेइतकीच महत्त्वाची वाटते. साडेसातला मोकळे होणार हे ठाऊक असेल, तर ज्यांच्यावर स्वयंपाकाची जबाबदारी आहे तेही निर्धास्त येतात.

नवकंकरी निवडली ती मुद्दाम. एकात एक तीन चौकोन काढून त्यांच्या बाजूंचे मध्य रेषांनी जोडले की चोवीस बिंदूंचा पट तयार होतो. दोघांकडे नऊ-नऊ खडे. आळीपाळीने खडे मांडायचे, मग रेषेवरून शेजारच्या रिकाम्या बिंदूवर सरकवायचे. तीन खडे एका ओळीत आले की समोरच्याचा एक उचलायचा. ज्याचे दोनच उरतात किंवा ज्याला सरकायला जागा राहत नाही, तो हरतो. नियम पाच मिनिटांत समजतात आणि डाव लवकर आटोपत असल्याने उशिरा आलेल्याला फार थांबावे लागत नाही. ‘कतान’सारखा नवा खेळ मलाही आवडतो, पण मूळ संचात तीन-चार जणच खेळू शकतात आणि डाव तासाच्या पुढे जातो. पाचवा आला तर त्याने नुसते बघत बसायचे का? तो खेळ ओळखी झाल्यावर काढावा.

नवकंकरीत वाद होतो तो घरोघरच्या नियमांवरून. तीनच खडे उरले की कुठेही उडी मारता येते का? जुळलेल्या ओळीतला खडा उचलता येतो का? दोन्हींचा निकाल पहिल्या डावाआधी लावून कागदावर लिहून ठेवावा.

चित्रकोडे एकट्याने आलेल्यांसाठी. कडेचे तुकडे वेगळे काढून आधी चौकट जुळवली की कोणीही येता-जाता एखादा तुकडा बसवू शकतो. ते प्लायवूडच्या फळीवरच मांडावे, म्हणजे अर्धे राहिले तरी फळीसकट कपाटात ठेवता येते.

निमंत्रण फलकावर लागले तरी वरच्या मजल्यावरच्या, ग्रुपवर नसलेल्या आजोबांची बेल तेवढी स्वतः जाऊन वाजवा.